कॅमेऱ्यातला दर आणि जंगलातली पिसोरी

प्रश्न: आमच्या वन्यजीव प्रात्यक्षिकासाठी सह्याद्रीतल्या निमसदाहरित जंगलात १२ कॅमेरा ट्रॅप लावायचे आहेत. पिसोरी, उदमांजर, जवादी मांजर असे सहसा न दिसणारे प्राणी टिपायचे आहेत. कॅमेरे कुठे आणि किती दिवस लावावेत? मागच्या तुकडीला वरच्या जंगलात दर १०० ट्रॅप नाइट्समागे पिसोरीच्या ६ नोंदी मिळाल्या आणि पायथ्याला २. वर पिसोरी तिप्पट आहेत असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. एक कॅमेरा एक रात्र चालला की ती एक ट्रॅप नाइट, आणि १०० ट्रॅप नाइट्समागच्या त्या आकड्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: त्या भागात पिसोरी किती आहेत, प्रत्येक पिसोरी रात्रीत किती हिंडते, आणि ती समोरून गेल्यावर कॅमेरा तिला दर वेळी टिपतो का. पहिल्या गोष्टीबद्दल बोलायचं असेल तर उरलेल्या दोन गोष्टी वरच्या आणि पायथ्याच्या अशा दोन्ही पट्ट्यांत शक्य तितक्या सारख्या असायला हव्यात, आणि ते काम कॅमेरा झाडाला बांधतानाच करावं लागतं. नंतर संगणकावर ते पूर्णपणे भरून काढता येत नाही. वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके पाहून एकेक प्राणी ओळखता येतो, म्हणून तिथे संख्येचा अंदाज बांधता येतो. रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून एकेक पिसोरी ओळखणं तुम्हाला प्रात्यक्षिकात जमणार नाही, त्यामुळे सगळी भिस्त मांडणीवर आहे.

आधी कॅमेरा कशाला प्रतिसाद देतो ते बघू. त्याच्या सेन्सरला प्राणी दिसत नाही. समोरच्या पट्ट्यात आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही सरकलं की तो फोटो घेतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की प्राणी कॅमेऱ्याकडे सरळ चालत आला तर सेन्सर उशिरा जागा होतो आणि समोरून आडवा गेला तर लगेच. दुसरी अशी की एप्रिल-मेच्या दुपारी जमीन आणि दगड प्राण्याच्या अंगाइतके तापतात, तेव्हा प्राणी समोर असूनही सेन्सरला फरक जाणवत नाही. वरचं दाट जंगल सावलीत थंड राहतं, पायथ्याचं विरळ जंगल तापतं. एवढ्या एका कारणानेही पायथ्याचा दर पडू शकतो. पिसोरी बहुतेक रात्री आणि संधिप्रकाशात फिरते, त्यामुळे तिच्या बाबतीत हा फटका कमी बसतो. दिवसा हिंडणाऱ्या मुंगसाच्या बाबतीत जास्त. म्हणून मागच्या तुकडीच्या वहीत सर्वांत आधी तारखा बघा. वरचे कॅमेरे डिसेंबरात आणि तेच कॅमेरे काढून पायथ्याला एप्रिलमध्ये लावले असतील, तर ती तुलना दोन जंगलांची नाही, दोन ऋतूंची आहे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवा. पावसाळ्यात यंत्र टिकत नाही, आणि मार्चनंतर प्राणी पाणवठ्यांभोवती गोळा होतात, तेव्हा पाण्याजवळचा कॅमेरा भरमसाट आणि बाकीचे रिकामे अशी अवस्था होते.

आता जागा. नकाशावर दोन्ही पट्ट्यांवर ५०० मीटर बाजूच्या चौकटी टाका आणि त्यांतल्या कोणत्या घ्यायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. चौकटीच्या मध्यबिंदूवर पोहोचल्यावर ५० मीटरच्या आत चांगली जागा शोधायची मुभा घ्या, त्यापलीकडे नको. नाहीतर होतं असं की वर वनरक्षक सोबत असतो आणि तो पिसोरीच्या हमखास जागा दाखवतो, पायथ्याला विद्यार्थी एकटे जाऊन जमेल तिथे कॅमेरा बांधतात, आणि आकड्यात दिसतो तो वनरक्षकाचा अनुभव. त्याचं ज्ञान मोलाचं आहे, पण ते दोन्हीकडे सारखं वापरा. वाघांच्या गणनेत २ चौरस किलोमीटरच्या चौकटी घेतात, कारण वाघाचा वावर खूप मोठा असतो. पिसोरी दोन ते चार किलोंचा प्राणी आहे, तिचा वावर छोटा असतो, त्यामुळे तिच्यासाठी ५०० मीटरचं अंतर पुरेसं होतं.

५० मीटरच्या आत नेमकं काय शोधायचं हे प्राण्यावर अवलंबून आहे आणि इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. बिबट्या, कोळसुंदे आणि लहान जवादी मांजर वनरस्त्यांवरून आणि मोठ्या पायवाटांवरून चालतात. पिसोरी उघड्यावर यायला बिचकते. कारवीच्या दाटीतून, ओहोळाच्या काठाने, पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाने जाणारी, हातभर रुंदीची वाट तिची. वनरस्त्यावर कॅमेरा लावलात तर जवादी भरपूर आणि पिसोरी शून्य येईल, आणि आतल्या वाटेवर लावलात तर उलट. दोन्ही हवे असतील तर प्रत्येक पट्ट्यात काही कॅमेरे रस्त्यावर आणि काही आत ठेवा, दोन्ही पट्ट्यांत तेच प्रमाण राखा आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर ‘रस्ता’ की ‘आतली वाट’ ते लिहा. १२ कॅमेऱ्यांत मी पिसोरीलाच प्राधान्य देईन आणि सगळे आतल्या वाटांवर लावेन. उदमांजर बराच वेळ झाडावर असतं, जमिनीवरच्या कॅमेऱ्याला ते कमीच दिसणार. ते कमी आलं म्हणून ते दुर्मीळ ठरत नाही.

झाडाला बांधताना कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून २५ ते ३० सेंटीमीटर ठेवा. पिसोरीचा खांदाच जेमतेम तेवढा असतो. बिबट्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर लावतात, आणि त्या उंचीवरून तीन मीटरवरची पिसोरी सेन्सरच्या पट्ट्याखालून निघून जाऊ शकते. उतारावर उंची झाडाच्या बुंध्यापासून मोजू नका. प्राणी जिथून जाणार त्या जमिनीच्या पातळीपासून मोजा आणि कॅमेरा उताराला समांतर झुकवा, मागे एखादी काटकी खोचून. वाटेपासून अंतर दोन ते तीन मीटर. याहून जवळ ठेवला तर रात्रीच्या प्रकाशात अंग पांढरंफटक येतं आणि पाठीवरच्या रेषा पुसल्या जातात. तसं होत असेल तर फ्लॅशच्या अर्ध्या भागावर औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावा. तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असावं. पूर्व-पश्चिम ठेवलात तर सकाळ-संध्याकाळी ऊन थेट भिंगात येतं.

समोरचं तीन-चार मीटरपर्यंतचं गवत, नेचे आणि कारवीची कोवळी पानं काढा, पण वाट रुंद करू नका. पिसोरीला आडोसा हवा असतो. उन्हात तापलेलं एक पान वाऱ्यावर हललं तरी दिवसभरात हजारो रिकामे फोटो निघून कार्ड भरतं. कार्ड भरलं की कॅमेरा जिवंत असूनही आंधळा होतो. मग चाचणी घ्या. उभ्याने चालून दिवा लागला म्हणजे झालं असं नाही, कारण माणूस उंच आणि मोठा असतो. बाटलीत कोमट पाणी भरा, दोरीला बांधा आणि वाटेवरून जमिनीलगत ओढा. फोटो निघाला आणि बाटली चौकटीच्या मधल्या भागात आली तर जागा बरोबर. कितीव्या मीटरवर सेन्सर ती बाटली सोडतो तेही लिहून ठेवा. वर चार मीटर आणि पायथ्याला दोन मीटर येत असेल, तर कॅमेऱ्यांची नजरच वेगळी आहे आणि दराची तुलना करण्याआधी ते दुरुस्त करायला हवं. दोन वेगवेगळ्या मॉडेलचे कॅमेरे असतील तर ते दोन्ही पट्ट्यांत सारखे वाटा.

सेटिंगमध्ये एका ट्रिगरला तीन फोटो आणि दोन ट्रिगरमधलं अंतर यंत्र देईल तेवढं कमी ठेवा. बॅटरी वाचवायला पाच मिनिटांचं अंतर ठेवलं की आईमागून येणारं पिल्लू सुटतं. रोज दुपारी १२ वाजता आपोआप एक फोटो निघेल अशी सोय बऱ्याच यंत्रांत असते; असेल तर ती चालू करा. तो फोटो म्हणजे त्या दिवशी कॅमेरा चालू होता याचा पुरावा. तो नसेल तर ११ व्या रात्रीनंतर प्राणी आले नाहीत की बॅटरी संपली, हे कळायला मार्ग उरत नाही. घड्याळ लावण्याआधी तपासा, आणि लावताना व काढताना ठिकाणाचा क्रमांक व वेळ लिहिलेली पाटी समोर धरून फोटो घ्या. सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी चार्ज केलेले असावेत. एक जुना सेल सगळ्यांना खाली ओढतो. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, सकाळच्या धुक्याने भिंगावर बाष्प धरतं. दहा-बारा दिवसांनी एक फेरी मारा. कोळ्याचं जाळं, खोक्यात शिरलेल्या मुंग्या, वानरांनी आभाळाकडे वळवलेला कॅमेरा हे नेहमीचं आहे. आभाळाकडे वळलेल्या कॅमेऱ्याच्या रात्री मोजायच्या नाहीत, जरी तो चालू असला तरी.

आता किती दिवस? यासाठी एक छोटं गणित पुरतं. समजा एखाद्या जागी पिसोरी आहे आणि तिथला कॅमेरा तिला एका रात्रीत टिपण्याची शक्यता ३ टक्के आहे. मग ३० रात्रींत ती एकदाही न टिपली जाण्याची शक्यता ०.९७ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे ४० टक्के. पिसोरी असलेल्या दहा जागांपैकी चार तुमच्या वहीत रिकाम्या जातील. ६० रात्री ठेवलं तर हा आकडा १६ टक्क्यांवर येतो, आणि ५ टक्क्यांवर आणायचा तर जवळपास १०० रात्री लागतात. रात्रीची शक्यता १० टक्के असेल तर तेच काम २९ रात्रींत होतं. म्हणून ‘३० दिवस पुरतात’ हे वाक्य प्राण्याचं नाव घेतल्याशिवाय अर्थहीन आहे. तुमच्या जंगलातली शक्यता मागच्या तुकडीच्या नोंदींवरून काढा: ज्या जागी पिसोरी किमान एकदा आली, तिथे ती आलेल्या रात्री भागिले तिथल्या एकूण चालू रात्री. हा अंदाज थोडा जास्त येतो, कारण शून्य आलेल्या जागा आपण गाळलेल्या असतात, पण नियोजनाला चालतो.

तरीही १२ कॅमेरे १२ जागी १०० रात्री ठेवू नका. तुलना जागांची आहे, रात्रींची नाही. एका ठिकाणच्या शंभर रात्री हा शेवटी एकाच ठिकाणचा पुरावा. दोन फेऱ्या करा, प्रत्येकी सुमारे ४५ रात्रींच्या. पहिल्या फेरीत सहा कॅमेरे वर आणि सहा पायथ्याला, दुसऱ्या फेरीत पुन्हा सहा-सहा, नव्या चौकटींत. म्हणजे २४ जागा आणि १०८० ट्रॅप नाइट्स, आणि दोन्ही पट्टे एकाच काळात. नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम आटोपतं.

आता तुमच्या तिप्पटकडे येऊ. समजावण्यासाठी मी आकडे मांडतो. मागच्या तुकडीचे खरे आकडे तुम्ही याच साच्यात भरा. वरच्या सहा कॅमेऱ्यांपैकी पाच ३० रात्री चालले आणि एक १७ व्या रात्री बंद पडला: एकूण १६७ ट्रॅप नाइट्स. पायथ्याच्या चारांनी ३० रात्री भरल्या, एक २४ आणि एक ११ रात्री चालला: एकूण १५५. नुसतं सहा गुणिले तीस करून १८० ने भागणं ही पहिली चूक; भाजकात खरोखर चाललेल्या रात्रीच येतात. वर पिसोरीच्या १० नोंदी आणि पायथ्याला ३. दहा भागिले १६७ गुणिले १०० म्हणजे ६.०, आणि तीन भागिले १५५ गुणिले १०० म्हणजे १.९. हेच तुमचे ६ आणि २.

आता कॅमेऱ्यागणिक बघा. वर नोंदी आल्या ०, ७, १, ०, २, ०. पायथ्याला १, ०, १, ०, १, ०. दोन्हीकडे सहापैकी तीनच जागी पिसोरी दिसली. सगळा फरक दुसऱ्या क्रमांकाच्या कॅमेऱ्याने केला आहे. तो बाजूला ठेवला तर वरचा दर १३७ रात्रींत ३ नोंदी, म्हणजे २.२ होतो. पायथ्याच्या १.९ ला जवळजवळ चिकटलेला. मग त्या कॅमेऱ्याचे फोटो उघडा. समोर उंबर असेल आणि फळं पडत असतील, तर एकच पिसोरी रात्रीत दोन-तीनदा येऊन गेलेली असते. तीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर असलं की वेगळी नोंद धरायची, हा रूढ नियम इथे अपुरा पडतो. फळ खायला आलेला प्राणी तासाभराने परत येतोच. म्हणून नोंदींबरोबर ‘पिसोरी आलेल्या रात्री’ हाही स्तंभ ठेवा. त्या सात नोंदी तीनच रात्रींतल्या निघाल्या तर वरची बेरीज १० वरून जास्तीत जास्त ६ वर येते. तो कॅमेरा मात्र काढून टाकू नका. उंबर हा जंगलाचाच भाग आहे. त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय असे दोन्ही आकडे द्या.

अनिश्चितता दाखवायला कॅमेरे पुन्हा पुन्हा सोडत काढून निवडायचे. रात्री नव्हे, कॅमेरे, कारण एका कॅमेऱ्याच्या रात्री एकमेकींसारख्या असतात. R मध्ये एवढंच:

```r
n <- c(0, 7, 1, 0, 2, 0)
r <- c(30, 30, 30, 17, 30, 30)
b <- replicate(5000, {
  i <- sample(6, replace = TRUE)
  100 * sum(n[i]) / sum(r[i])
})
quantile(b, c(0.025, 0.975))
```

वरच्या पट्ट्यासाठी उत्तर साधारण ०.६ ते १४ यांच्या आसपास येतं, पायथ्यासाठी ०.६ ते साडेतीनच्या आसपास. दुसरा पल्ला जवळपास पूर्ण पहिल्याच्या पोटात बसतो. सहा कॅमेऱ्यांवर ही पद्धतही ढोबळच आहे, पण ‘तिप्पट’ हा शब्द वापरता येणार नाही एवढं ती स्पष्ट दाखवते. २४ जागा झाल्यावर पुढची पायरी घ्या: रात्री पाच-पाचच्या गटांत बांधा, प्रत्येक गटात पिसोरी आली तर १ नाहीतर ०, आणि R च्या `unmarked` पॅकेजमधल्या `occu` ने ‘जागी असण्याची’ आणि ‘असल्यास टिपली जाण्याची’ शक्यता वेगवेगळी काढा. तिथे पट्टा हा एकच घटक घाला. २४ जागांवर उतार, उंची, पाण्याचं अंतर असे चार घटक घातले तर मॉडेल काहीतरी आकडे देईल, पण त्रुटी एवढ्या मोठ्या असतील की त्यांवर बोट ठेवता येणार नाही.

फोटो ओळखताना दोघांनी स्वतंत्रपणे नावं लिहावीत आणि मतभेद झाले ते वेगळे काढावेत. पिसोरीच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या रांगा पट्ट्यांसारख्या दिसतात आणि गळ्यावर पांढरे पट्टे असतात. भेकराच्या पाडसावरही ठिपके असतात, पण गळ्यावर तसे पट्टे नसतात आणि पाय लांब वाटतात. लहान जवादीच्या शेपटीवर कडी असतात, उदमांजराची शेपटी सलग गडद. फक्त मागचा अर्धा भाग आला असेल तर ‘अनिश्चित’ लिहा. दहा नोंदींच्या खेळात एक चुकीची ओळख दर दहा टक्क्यांनी हलवते.

दोन प्राण्यांचे दर शेजारी ठेवूनही निष्कर्ष काढू नका. बिबट्या रात्रीत कितीतरी किलोमीटर चालतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांपुढून जातो, पिसोरी तेवढ्यातच घुटमळते. एक बिबट्या पाच पिसोऱ्यांपेक्षा जास्त नोंदी देऊ शकतो. तुलना करायची ती त्याच प्राण्याची, त्याच मांडणीत.

कॅमेरे लावण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे ती लागतेच. जवळच्या वाड्यांना आधी सांगा. लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांचे फोटो येतील, ते कोणाला न दाखवता काढून टाका. खवले मांजराचा फोटो मिळाला तर ठिकाण अहवालात आणि फोनवर कुठेही देऊ नका, फक्त वन विभागाला कळवा.

खवले मांजर दोन्ही पट्ट्यांत मिळून ३२२ ट्रॅप नाइट्समध्ये एकदाही आलं नाही असं समजू. तेव्हा ‘खवले मांजर नाही’ असं लिहिता येत नाही. शून्य नोंदींसाठी एक सोपा आडाखा आहे: ३ भागिले ट्रॅप नाइट्स. तीन भागिले ३२२ म्हणजे १०० रात्रींमागे सुमारे ०.९. अहवालातलं वाक्य असं होईल: ‘१२ जागी ३२२ ट्रॅप नाइट्समध्ये खवले मांजराची नोंद नाही, या मांडणीत त्याचा दर १०० ट्रॅप नाइट्समागे सुमारे १ पेक्षा जास्त असण्याची शक्यता कमी आहे.’ आणि पिसोरीसाठी: ‘दोन्ही पट्ट्यांत सहापैकी तीन जागी पिसोरी आढळली. वरच्या पट्ट्यातला जास्त दर प्रामुख्याने एका कॅमेऱ्यामुळे आहे, आणि या मांडणीतून दोन पट्ट्यांतल्या संख्येतला फरक सांगता येत नाही.’